एकाच जिल्ह्यात तीन क्रमांक का? परिवहन कार्यालयाची हद्द आणि जिल्ह्याची सीमा

प्रश्न : मी महाराष्ट्राचा एक नकाशा तयार करतो आहे, ज्यात प्रत्येक आरटीओ क्रमांकाचे क्षेत्र वेगळ्या रंगात दाखवायचे आहे. जिल्ह्यांचा नकाशा घेऊन त्यावर क्रमांक लिहिले की काम होईल असे वाटले होते, पण आमच्याच पुणे जिल्ह्यात एमएच-१२, एमएच-१४ आणि एमएच-४२ असे तीन क्रमांक आहेत. कार्यालयाची हद्द नेमकी कशावरून ठरते? जिल्ह्याची सीमा बदलली तर क्रमांकही बदलतो का?

उत्तर : मोटार वाहन विभागात माझी नोकरी निरीक्षक म्हणून सुरू झाली आणि पुढे उपप्रादेशिक कार्यालयात अधिकारी म्हणून काम करून मी निवृत्त झालो. हद्दीचा प्रश्न त्या सर्व वर्षांत जवळजवळ दररोज खिडकीवर येत असे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

परिवहन कार्यालयाच्या हद्दीचा मूळ घटक जिल्हा नसून तालुका आहे. शासन नवे कार्यालय मंजूर करते तेव्हा त्याला क्रमांक मिळतो, पदे मिळतात आणि कोणते तालुके त्याच्याकडे राहतील हे ठरवून दिले जाते. जिल्ह्याची सीमा या रचनेत बाहेरच्या कुंपणासारखी असते. सामान्यतः एका कार्यालयाकडे दोन जिल्ह्यांचे तालुके दिले जात नाहीत, परंतु एका जिल्ह्याचे तालुके दोन, तीन किंवा त्याहून अधिक कार्यालयांत वाटले जातात. त्यामुळे आपल्या नकाशाचा पाया तालुक्यांचा असायला हवा. तालुके जोडत गेले की कार्यालयाचे क्षेत्र तयार होते आणि काही ठिकाणी, विशेषतः महानगरपालिकांच्या परिसरात, तालुकाही फोडावा लागतो.

जिल्हा आणि क्रमांक एकच असे लोकांना का वाटते, याला कारण आहे. आज वापरात असलेली राज्याची दोन अक्षरे आणि त्यापुढे कार्यालयाचा क्रमांक ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर, १९८९ मध्ये आली. त्या वेळी क्रमांक देताना राज्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे तसा क्रम धरलेला दिसतो. मुंबईपासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीपर्यंत कोकणाचे पहिले आठ क्रमांक आहेत. त्यानंतर कोल्हापूर (०९), सांगली (१०), सातारा (११), पुणे (१२) आणि सोलापूर (१३) येतात, मग नाशिक (१५) ते जळगाव (१९), मग मराठवाडा आणि शेवटी विदर्भ. बहुतेक क्रमांक एकेका जिल्ह्याला मिळाल्यामुळे ‘एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर जिल्हा’ असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. परंतु त्या पहिल्या क्रमातही अपवाद होते. ठाण्यानंतर कल्याणला ०५ होता, सोलापूरनंतर पिंपरी-चिंचवडला १४ होता आणि अहमदनगरच्या १६ नंतर त्याच जिल्ह्यातील श्रीरामपूरला १७ होता. कोपरगाव, राहाता, संगमनेर या भागांतील वाहनांवर एमएच-१७ दिसतो तो यामुळेच, जरी ते तालुके आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातच आहेत.

या क्रमात जिल्हानिर्मितीचा इतिहासही उमटलेला आहे. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ रोजी झाले, तर लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये. नवी पद्धत आली तेव्हा हे चारही जिल्हे अस्तित्वात होते, म्हणून ०७, २१, २४ आणि ३३ हे त्यांचे क्रमांक आपापल्या विभागाच्या ओळीत नीट बसलेले आहेत. वाशीम आणि नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी आणि हिंगोली १ मे १९९९ रोजी झाला. त्यांना अनुक्रमे ३७, ३९ आणि ३८ हे क्रमांक मिळाले. वाशीम हा जिल्हा अकोल्यातून निघाला आणि अकोल्याचा क्रमांक ३० आहे, पण वाशीमचा क्रमांक भंडाऱ्याच्याही (३६) नंतर येतो, कारण तोपर्यंत मधली ओळ भरलेली होती. ज्याला ही माहिती आहे तो क्रमांकावरूनच सांगू शकतो की हे कार्यालय पहिल्या मांडणीतले आहे की नंतर आलेले आहे.

एक्केचाळीसपासून पुढे मात्र चित्र बदलते. मालेगाव (४१), बारामती (४२), नवी मुंबई (४३), अंबाजोगाई (४४), अकलूज (४५), पनवेल (४६), बोरिवली (४७), वसई (४८), नागपूर पूर्व (४९) आणि कराड (५०) यांपैकी एकही क्रमांक नव्या जिल्ह्यासाठी दिलेला नव्हता. हे सर्व जुन्या कार्यालयांच्या हद्दीतून काढलेले भाग आहेत. वाहनांची संख्या वाढली, मूळ कार्यालयाचे अंतर लांब पडू लागले आणि वाहनाच्या योग्यता तपासणीसाठी मालकाला पूर्ण दिवस घालवावा लागू लागला, तेव्हा ही विभागणी झाली. पाटण तालुक्यातील ट्रकमालकाला दर वेळी साताऱ्याला जावे लागू नये म्हणून कराड आणि पाटण हे तालुके कराडच्या कार्यालयाकडे आले. सातारा जिल्हा मात्र होता तसाच राहिला.

आता पुणे जिल्हा तपशिलाने पाहू, कारण तालुक्याच्या नियमाचे आणि त्याच्या अपवादाचे दोन्ही नमुने तेथे आहेत. जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ हे उत्तरेचे व पश्चिमेचे तालुके पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयाकडे, म्हणजे एमएच-१४ कडे आहेत. बारामती, इंदापूर आणि दौंड हे एमएच-४२ कडे आहेत. पुणे शहर, शिरूर, पुरंदर, भोर, वेल्हे (म्हणजे आताचा राजगड) हा भाग एमएच-१२ कडे आहे. येथपर्यंत तालुक्यांच्या सीमा रेखाटल्या की पुरते.

अडचण हवेली तालुक्यात येते. हवेली हा पुणे शहराला चारही बाजूंनी वेढणारा तालुका आहे आणि पिंपरी-चिंचवड शहरही मुळात याच तालुक्यात वाढलेले आहे. त्यामुळे हवेली एकाच कार्यालयाला देणे शक्यच नव्हते. सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर आणि उरुळी कांचन, तसेच नगर रस्त्यावरील वाघोली ही हवेलीतील गावे एमएच-१२ मध्ये येतात, तर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा परिसर आणि त्याला लागून असलेले देहू हे हवेलीतच असूनही एमएच-१४ मध्ये येतात. देहूचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ‘तालुका फुटला तर महानगरपालिकेची सीमा घ्या’ हा सोपा नियमही तेथे पुरत नाही. देहूला स्वतःची नगरपंचायत आहे. आळंदी देहूपासून फार दूर नाही, पण ती खेड तालुक्यात असल्यामुळे तिच्याबाबत कोणताच प्रश्न उरत नाही. नकाशा काढताना हवेलीसारखा तालुका गावनिहाय फोडा आणि प्रत्येक गावाला कार्यालयाचा क्रमांक जोडा, अन्यथा शहराच्या कडेला तुमचा रंग चुकेल.

हे कागदावर अवघड वाटत असेल तर पुण्याहून सोलापूर महामार्गाने जाताना रस्त्याकडेच्या गावांतील स्थानिक वाहने पाहावीत. हडपसर सोडल्यावर उरुळी कांचनपर्यंत घरांसमोरच्या दुचाकी बहुतांशी एमएच-१२ च्या दिसतात. पुढे यवत लागते, जे दौंड तालुक्यात आहे, आणि तेथून एमएच-४२ चे प्रमाण वाढते. पाटस, कुरकुंभ, भिगवण, इंदापूर असा हा पट्टा चालू राहतो. उजनी जलाशयाच्या पुढे भीमा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला पोहोचलो की अकलूजचा एमएच-४५ दिसू लागतो आणि एमएच-१३ त्यानंतर येतो. म्हणजे या एका रस्त्यावर जिल्ह्याची सीमा एकदा ओलांडली जाते, पण कार्यालयाची हद्द तीनदा बदलते. यवतमध्ये एमएच-१२ च्या जुन्या गाड्याही भरपूर दिसतील, आणि त्याचे कारण पुढे येणार आहे.

मुंबईत याची उलट बाजू पाहायला मिळते. तेथे जिल्हे दोन आहेत, मुंबई शहर आणि १९९० मध्ये वेगळा झालेला मुंबई उपनगर. कार्यालये मात्र ताडदेव (०१), अंधेरी (०२), वडाळा (०३) आणि बोरिवली (४७) अशी चार आहेत. यांतील वडाळ्याचे कार्यालय प्रत्यक्ष उभे आहे शहर जिल्ह्याच्या जमिनीवर, पण त्याचे मुख्य काम कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या पूर्व उपनगरांचे आहे. म्हणून कार्यालयाच्या पत्त्यावरून त्याची हद्द कधीही ठरवू नये. रायगड जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आणि त्याचे परिवहन कार्यालय पेणला आहे. पुण्याच्या कार्यालयाची वाहन तपासणी पुरंदर तालुक्यातील दिवे येथे होते, तर चारचाकीच्या परवान्याची चाचणी भोसरीजवळच्या केंद्रात, म्हणजे एमएच-१४ च्या भूभागात घेतली जाते. जागा जेथे मिळते तेथे सुविधा उभी राहते आणि तिचा हद्दीशी संबंध नसतो.

ज्या चुकीमुळे लोकांना सर्वाधिक त्रास होतो ती चूक टपालाच्या पत्त्यातून होते, आणि तिचे सर्वात स्पष्ट उदाहरण खारघर आहे. खारघरचा पत्ता लिहिताना लोक ‘नवी मुंबई’ असे लिहितात. रेल्वेने बेलापूरनंतरचे स्थानक खारघर आहे आणि प्रवाशाला मध्ये कोणतीही सीमा जाणवत नाही. परंतु बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे आणि खारघर रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात आहे. २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. त्यामुळे बेलापूर आणि नेरुळ एमएच-४३ मध्ये, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल एमएच-४६ मध्ये येतात. पोलिसांच्या हद्दीमुळे हा गोंधळ वाढतो, कारण नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. चाकणमध्येही असेच आहे. चाकण पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येते, त्याच खेड तालुक्यातील राजगुरुनगर पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे, आणि परिवहनाच्या दृष्टीने दोन्ही एमएच-१४ मध्येच आहेत. पोलीस ठाण्यावरून परिवहन कार्यालय काढू नये, आणि पिनकोडवरून तर नकोच, कारण टपालाची विभागणी पत्रे वाटण्याच्या सोयीने झालेली असते व एकाच पिनकोडमध्ये दोन तालुक्यांची गावे सापडतात.

माझ्या पाहण्यातील एक प्रकरण सांगतो. खारघरच्या एका कुटुंबाने मोटार घेतली. विक्रेत्याच्या कारकुनाने पत्त्यात ‘नवी मुंबई’ पाहिले आणि अर्जात जिल्हा ठाणे भरून कागद एमएच-४३ कडे पाठवले. पुरावा म्हणून जोडलेल्या वीजबिलावर जिल्ह्याचे नावच नव्हते, त्यामुळे चूक पुढे सरकली आणि नोंदणी झाली. तीन वर्षांनी कर्ज फिटले. बोजा उतरवण्याचे कागद घेऊन ते पनवेलच्या खिडकीवर आले, कारण तोपर्यंत त्यांना कोणीतरी योग्य माहिती दिली होती, आणि तेथे त्यांना कळले की त्यांची नोंद या कार्यालयात नाही. त्यांची पहिली भीती अशी होती की आता गाडीचा क्रमांक बदलावा लागेल आणि विमा, फास्टॅग, सोसायटीची नोंद सर्व नव्याने करावे लागेल.

तसे काहीही करावे लागले नाही. कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रावरील पत्ता बदलला की मालकाने तीस दिवसांत तो कळवायचा असतो, आणि नवा पत्ता दुसऱ्या नोंदणी प्राधिकाऱ्याच्या हद्दीत असेल तर त्या दुसऱ्या प्राधिकाऱ्याला कळवायचा असतो. त्यासाठी नमुना ३३ आहे. त्याच्यासोबत मूळ प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, चालू विमा आणि पीयूसी द्यावे लागते, आणि गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेची संमतीही लागते. या कुटुंबाचा पत्ता ‘पनवेल, जि. रायगड’ असा नोंदवला गेला, नोंद पनवेलकडे आली आणि बोजाही उतरला. पाटीवर मात्र एमएच-४३ हाच क्रमांक राहिला आणि तो गाडी असेपर्यंत तसाच राहील.

हा मुद्दा नकाशा काढणाऱ्यासाठी फार महत्त्वाचा आहे. नवा क्रमांक घेण्याची गोष्ट कलम ४७ मध्ये आहे आणि ते कलम वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर लागू होते. राज्याच्या आत मालकाने घर बदलले, वाहन विकले किंवा कार्यालयाची हद्दच बदलली तरी क्रमांक बदलत नाही. पाटी सांगते ती वाहनाची पहिली नोंदणी कोठे झाली एवढेच. आज ते वाहन कोणत्या कार्यालयाच्या अभिलेखात आहे हे नोंदणी प्रमाणपत्रावरील अद्ययावत पत्ता आणि संगणकातील नोंद सांगते. बारामतीचे कार्यालय सुरू होण्यापूर्वी दौंड तालुक्यातील वाहने पुण्यातच नोंदली जात होती. त्यामुळे यवतमध्ये आजही एमएच-१२ च्या जुन्या गाड्या दिसतात आणि त्यात काहीही गैर नाही. कराड आणि पाटण भागातील एमएच-११ च्या गाड्यांचेही तसेच आहे.

यामुळेच पाटीवरील क्रमांक मोजून जिल्ह्याची वाहनसंख्या काढणे चुकीचे ठरते. पुणे जिल्ह्याची वाहने मोजायची तर १२, १४ आणि ४२ या तिन्ही कार्यालयांची बेरीज करावी लागते, पण ‘पुण्यातील वाहने’ म्हणून अनेकदा केवळ एमएच-१२ चा आकडा दिला जातो आणि त्याची तुलना संपूर्ण कोल्हापूर किंवा नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येशी केली जाते. नाशिकच्या बाबतीत तर मालेगावचा एमएच-४१ गळून पडतो. आपला नकाशा पुढे अशा आकडेवारीला जोडला जाणार असेल तर कार्यालयाचे क्षेत्र आणि जिल्हा हे दोन रकाने सुरुवातीपासून वेगळे ठेवा.

आता जिल्ह्याची सीमा बदलली तर काय होते, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पालघरचे उदाहरण येथे सर्वांत उपयोगी आहे. वसईचे एमएच-४८ हे कार्यालय सुरू झाले तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवा क्रमांक मिळाला नाही. आधीपासून असलेले वसईचे कार्यालयच त्या जिल्ह्याचे कार्यालय झाले, आणि आज डहाणू किंवा जव्हारच्या माणसाची गाडी ज्या क्रमांकावर नोंदली जाते त्याच्याशी जोडलेले गाव वसई आहे, पालघर नव्हे. येथे कार्यालय आधी आले आणि जिल्हा नंतर आला, वाशीमच्या बरोबर उलट. २०१४ पूर्वीच्या प्रमाणपत्रांवर ‘जि. ठाणे’ असे छापलेले आहे आणि केवळ त्यामुळे ती प्रमाणपत्रे अवैध ठरत नाहीत. पुढे कोणतेही काम निघाले की नव्या जिल्ह्याचे नाव नोंदवून घ्यावे, एवढे पुरे.

गोव्यातही असेच घडले. फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोव्यात गेला, पण फोंड्याचा जीए-०५ तसाच राहिला, कारण तो क्रमांक जिल्ह्याला दिलेला नव्हता, फोंड्याच्या कार्यालयाला दिलेला होता. जिल्ह्याचे केवळ नाव बदलले तर याहूनही कमी परिणाम होतो. उस्मानाबादचे धाराशिव झाले आणि एमएच-२५ तसाच आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि एमएच-२० तसाच आहे. थोडक्यात, नवा क्रमांक हवा असेल तर नवे कार्यालय मंजूर व्हावे लागते, आणि नवा जिल्हा झाला म्हणून ते आपोआप मंजूर होत नाही.

याचा अर्थ परिवहन खात्यात जिल्ह्याला काहीच स्थान नाही असा मात्र घेऊ नये. नोंदणी करणारे कार्यालय आणि परवाने व भाडेदर ठरवणारे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नावे जवळची असल्यामुळे जाणकारही त्यांची गल्लत करतात. जिल्ह्यातील प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पुण्याच्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये रिक्षाचे भाडे वाढवले तेव्हा तो निर्णय पुणे, पिंपरी-चिंचवड आणि बारामती या तिन्ही भागांसाठी होता. म्हणजे नोंदणीसाठी जे तीन तुकडे आहेत ते भाड्याच्या निर्णयासाठी एका प्राधिकरणाखाली येतात. मुंबई महानगर प्रदेशात याच्या उलट एकच प्राधिकरण अनेक जिल्ह्यांच्या भागांवर निर्णय घेते, म्हणून मुंबई आणि ठाण्याच्या रिक्षांचे भाडे एकत्र बदलते.

तिसरी पातळी प्रादेशिक कार्यालयाच्या अधिकारक्षेत्राची आहे. काही कार्यालये प्रादेशिक दर्जाची आणि काही उपप्रादेशिक दर्जाची असतात, आणि एका प्रादेशिक कार्यालयाच्या देखरेखीखाली अनेक उपप्रादेशिक कार्यालये येतात. ही मांडणी महसूल विभागांशी जुळत नाही. महसुलाच्या पुणे विभागात कोल्हापूर आहे, पण परिवहनात कोल्हापूर हे स्वतंत्र प्रादेशिक कार्यालय आहे. नाशिक महसूल विभागातील धुळ्याचे आणि छत्रपती संभाजीनगर विभागातील लातूर व नांदेडचेही तसेच आहे. गेल्या काही वर्षांत आणखी काही कार्यालयांचा दर्जा वाढवला गेला आहे. दर्जा वाढल्याने हद्दीतील तालुके किंवा क्रमांक बदलत नाही, म्हणून आपल्या नकाशावर ही पातळी दाखवायची असेल तर ती वेगळ्या जाड रेषेने दाखवावी आणि तिच्यावर प्रत काढल्याचा दिनांक लिहावा.

कायद्यातील एका बदलाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण त्याचा आधार घेऊन ‘आता हद्द उरलीच नाही’ असे सांगितले जाते. कलम ४० पूर्वी असे सांगत होते की वाहन जेथे सामान्यतः ठेवले जाते तेथील निवासाची किंवा व्यवसायाची जागा ज्याच्या अधिकारक्षेत्रात आहे त्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करावी. २०१९ च्या दुरुस्तीने तेथे ‘राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे’ असे शब्द आले. त्यामुळे एका कार्यालयाच्या हद्दीबाहेरच्या पत्त्याचे वाहन तेथे नोंदले गेले तर केवळ त्या कारणाने नोंदणी बेकायदेशीर ठरत नाही. तरीही कार्यालयांची हद्द संपलेली नाही. पत्ता बदलाची सूचना कोणाकडे द्यायची हे कलम ४९ आजही हद्दीवरूनच ठरवते. पंधरा वर्षांनी खासगी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना अर्ज वाहन ज्या हद्दीत आहे तेथील प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. रिक्षा-टॅक्सीचे परवाने आणि तालुक्याच्या गावी भरणारी कार्यालयाची मासिक शिबिरेही हद्दीप्रमाणेच चालतात. पाटीवरून जिल्ह्याशी किंवा कार्यालयाशी संबंध न दाखवणारी नोंदणी म्हणजे २०२१ मध्ये आलेली बीएच मालिका. तिच्या पाटीवर ना राज्य असते ना कार्यालय.

आपल्या नकाशासाठी मी काम असे करीन. प्रथम तालुक्यांच्या सीमा घेईन आणि प्रत्येक तालुक्याला एक क्रमांक देईन. ज्या जिल्ह्यात एकच कार्यालय आहे, उदाहरणार्थ जालना, वाशीम किंवा गडचिरोली, तेथे काम तेवढ्यावर संपते. मग एकाहून अधिक कार्यालये असलेल्या जिल्ह्यांसाठी त्या त्या कार्यालयाच्या सूचना फलकावरील किंवा नागरिकांच्या सनदेतील तालुक्यांची यादी मिळवीन. ती बहुतेक ठिकाणी लावलेली असते आणि नसेल तर माहितीच्या अधिकारात एका अर्जाने मिळते. शेवटी हवेली, ठाणे आणि नागपूर शहर यांसारखे फुटलेले भाग गावनिहाय किंवा प्रभागनिहाय भरीन. नागपुरात तर शहरातच ३१ आणि ४९ असे दोन क्रमांक आहेत आणि ग्रामीणसाठी ४० आहे, त्यामुळे तेथे तालुक्याची रेषा जवळजवळ निरुपयोगी ठरते.

नकाशा बरोबर आला की नाही हे तपासायला सीमेवरची गावे निवडावीत आणि तेथील नव्या वाहनांचे क्रमांक पाहावेत. जुनी वाहने पाहू नयेत, कारण ती मागच्या हद्दीची साक्ष देतात. गेल्या वर्षभरात नोंदलेल्या दहा-बारा दुचाकी पाहिल्या तरी पुरते. दुचाकी मी अशासाठी म्हणतो की ती बहुधा मालकाच्या गावातच नोंदली जाते, तर मालवाहू वाहने आणि कंपन्यांच्या मोटारी व्यवसायाच्या पत्त्यावर नोंदलेल्या असतात. यवत आणि उरुळी कांचन, बेलापूर आणि खारघर, इंदापूर आणि टेंभुर्णी या तीन जोड्या तपासून आपल्या रेषा जुळल्या, तर पद्धत बरोबर आहे असे समजून उरलेल्या राज्याचे काम हाती घ्यावे. क्रमांक ५० च्या पुढची कार्यालये अलीकडची आहेत. उदाहरणार्थ फलटणला ५३ मिळाल्यावर सातारा जिल्ह्यातही आता तीन क्रमांक झाले आहेत. त्यामुळे जुन्या याद्यांवर विसंबून राहू नका आणि ती कार्यालये भरताना तालुक्यांची यादी प्रत्यक्ष त्या कार्यालयातूनच घ्या.